पासवर्ड फोडायला किती वेळ लागेल? ऑफलाइन हल्ल्याचा हिशेब, पायरीपायरीने

`Pratapgad@1659` हा पासवर्ड घ्या. लांबी चौदा. कॅपिटल अक्षर आहे, चिन्ह आहे, आकडे आहेत. नोंदणीच्या फॉर्मवरची पट्टी हिरवीगार होते. नेहमीच्या सूत्रात टाकला तर उत्तर येतं ९२ बिट, म्हणजे दोनच्या ९२व्या घाताइतके पर्याय, आणि तो फोडायला लागणारी वर्षं लिहायला एकावर सतरा शून्यं द्यावी लागतात. तोच पासवर्ड, तोच हॅश, म्हणजे पासवर्डऐवजी साठवलेला त्याचा उलटा न फिरवता येणारा ठसा, आणि तेच ग्राफिक कार्ड घेऊन मी हिशेब मांडतो तेव्हा उत्तर येतं तेवीस मिनिटं.

भागाकार दोन्हीकडे बरोबर आहे. चूक होते ती भागाकाराच्या आधी: काय मोजायचं आणि कशाने भागायचं हे ठरवताना. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका. बहुतेक जण थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात आणि तीही चुकीच्या पायाने.

## सुरुवातीला कागदावर काय हवं

चार गोष्टी लिहून घ्या. पासवर्ड कोणत्या हॅशमध्ये साठवला आहे आणि त्या हॅशची सेटिंग काय आहे. हल्लेखोराकडे किती आणि कोणती कार्डं धरायची. हॅशला सॉल्ट, म्हणजे प्रत्येक खात्याच्या पासवर्डला जोडलेला वेगळा यादृच्छिक तुकडा, आहे का. आणि पासवर्ड कसा निवडला गेला. तो दिसतो कसा, हे इथे कामाचं नाही.

ऑफलाइन म्हणजे हॅशची फाइल आधीच चोराच्या हातात पडली आहे. तो आपल्या घरी, आपल्या मशिनवर अंदाज करून बघतो आहे. "पाच वेळा चुकलं की खातं लॉक होतं" हा नियम इथे लागू नाही, कारण तुमच्या सर्व्हरला तो पुन्हा हातही लावणार नाही.

## पायरी १: हॅश ओळखा

बीक्रिप्ट ही पासवर्डसाठी मुद्दाम संथ ठेवलेली हॅशची पद्धत. तिचा हॅश असा सुरू होतो:

```
$2b$12$
```

मधला `12` हा त्याचा कॉस्ट. फेऱ्या दोनच्या त्या घाताइतक्या, म्हणजे ४,०९६. पुढे २२ अक्षरांचा सॉल्ट आणि ३१ अक्षरांचा निकाल, मिळून सगळी ओळ ६० अक्षरांची. लिनक्सच्या `/etc/shadow` मध्ये `$6$` किंवा `$y$` दिसेल, नव्या वेब अॅप्लिकेशनमध्ये `$argon2id$`. सुरुवातीचे हे तुकडे बघून काम भागतं.

सावध: नुसता ३२ हेक्स अक्षरांचा हॅश असेल तर तो एमडी५ही असू शकतो आणि विंडोजचा एनटीएलएमही. दिसायला दोन्ही सारखे असतात. तो कुठल्या फाइलमधून आला हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## पायरी २: सेकंदाला किती अंदाज, ते काढा

स्वतःचं कार्ड असेल तर हॅशकॅट या पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रॅमने मोजा:

```
hashcat -b -m 3200
```

३२०० हा बीक्रिप्टचा क्रमांक, एमडी५चा ०, एनटीएलएमचा १०००. कार्ड नसेल तर प्रसिद्ध झालेले आकडे वापरा. आरटीएक्स ४०९० या एका कार्डाचे आकडे साधारण असे आहेत: एनटीएलएम सेकंदाला २८८ अब्ज, एमडी५ १६४ अब्ज, बीक्रिप्ट १ लाख ८४ हजार. कार्ड एकच, तरी फरक लाखांच्या पटीत. "ताकदवान कॉम्प्युटर असेल तर किती वेळ लागेल?" या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही. कॉम्प्युटरच्या आधी हॅश ठरवावा लागतो. बीक्रिप्टला प्रत्येक अंदाजामागे चार किलोबाइटचा तक्ता सतत बदलत ठेवावा लागतो, त्यामुळे ग्राफिक कार्डाचे हजारो गाभे एकाच वेळी पूर्ण जोमाने कामाला लागत नाहीत.

आता इथला खड्डा. बीक्रिप्टचा तो १ लाख ८४ हजारांचा आकडा कॉस्ट ५ चा आहे. बेंचमार्कच्या ओळीतच `[Iterations: 32]` असं लिहिलेलं असतं, पण डोळा थेट वेगावर जातो. एकदा मी स्वतः हा आकडा तसाच उचलला, वेळ १२८ पट कमी सांगितला, आणि एका संस्थेने शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले. सोमवारी मला फोन करून खुलासा करावा लागला. तेव्हापासून वेग लिहिला की शेजारी कॉस्ट लिहितो.

कॉस्ट एकने वाढला की वेग निम्मा होतो. १२ उणे ५ म्हणजे ७, आणि दोनचा सातवा घात १२८:

```
184000 / 128 = 1437
```

म्हणजे आपल्या उदाहरणात एक कार्ड सेकंदाला सुमारे १,४४० अंदाज करतं. आर्गॉन२आयडीला ही सरळ युक्ती चालत नाही. तिथे मेमरी, फेऱ्या आणि समांतर धागे अशा तीन सेटिंग असतात, त्यामुळे नेमक्या त्याच सेटिंगवर मोजलेला आकडाच घ्यायचा.

तपासा: एकक नीट वाचलं का? `kH` म्हणजे हजार, `MH` म्हणजे दहा लाख, `GH` म्हणजे अब्ज. दुसरी खूण म्हणजे कॉस्ट १२ला साध्या सर्व्हरवर एक लॉगिन तपासायला साधारण पाव सेकंद लागतो. लॉगिनला पाव सेकंद लागत असताना तुमच्या कागदावर कार्डाचा वेग लाखांत आला असेल, तर कॉस्टची दुरुस्ती राहून गेली आहे.

## पायरी ३: अंदाज किती करावे लागतील, ते मोजा

सगळा लेख खरं तर या पायरीसाठी आहे.

पाठ झालेलं सूत्र असं: लांबी गुणिले एका अक्षराचे बिट. कीबोर्डवरून उमटणारी चिन्हं ९५, एका चिन्हाचे ६.५७ बिट, चौदा चिन्हांचे ९२. पण हे सूत्र फक्त तेव्हा खरं, जेव्हा प्रत्येक अक्षर फाशाने किंवा मशिनने, बाकीच्या अक्षरांकडे न बघता निवडलेलं असतं. `Pratapgad` मधला `g` कुणी फाशाने काढलेला नाही. `Pratap` नंतर तो येणारच होता.

एन्ट्रॉपी, म्हणजे हे बिट, पासवर्डच्या अक्षरांत नसते, ती निवडण्याच्या पद्धतीत असते. म्हणून स्वतःला हे विचारा: हा पासवर्ड कसा बनवला हे चोराला माहीत आहे, नेमका कोणता ते माहीत नाही, तर त्याला किती पर्याय तपासावे लागतील?

पद्धत शब्दांत लिहा: नाव, मग चिन्ह, मग चार आकडे. आता एकेका जागेवरचे पर्याय मोजा. गड, गावं, देव, माणसं अशी रोमन लिपीतली एक लाख नावांची यादी धरू. पहिलं अक्षर कॅपिटल किंवा नाही, २. चिन्हं १०. चार आकडे, १०,०००.

```
100000 × 2 × 10 × 10000 = 2 × 10^10
```

दोन हजार कोटी, म्हणजे ३४ बिट. बघता बघता ९२ चे ३४ झाले, आणि आपण अजून चोराला मठ्ठच धरलं आहे. त्याला ठाऊक असतं की शेवटचे चार आकडे बहुधा साल असतं. १६०० ते २०२९ धरलं तर ४३० पर्याय, एकूण ८६ कोटी, जेमतेम ३० बिट.

आणखी पुढे जाऊ. फुटलेल्या पासवर्डच्या याद्या त्याच्याकडे आहेत. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीतून फुटलेल्या यादीत १ कोटी ४३ लाखांहून जास्त वेगवेगळे पासवर्ड उघड्या मजकुरात मिळाले. लोक काय करतात हे त्याला अशा याद्यांमधून आकड्यांनिशी कळतं. "चिन्ह हवंच" म्हटलं की लोक `@` टाकतात, "कॅपिटल हवं" म्हटलं की पहिलं अक्षर मोठं करतात. महाराष्ट्रातल्या ऑफिसची फाइल असेल तर १६३०, १६५९, १६७४, १९४७, १९६० आणि गेली काही वर्षं अशी वीस सालं तो सगळ्यात आधी घेणार. तर पहिली फेरी अशी:

```
100000 × 1 × 1 × 20 = 2000000
```

वीस लाख. आपला पासवर्ड या पहिल्या फेरीतच आहे.

सावध: ३४, ३० आणि २१ बिटांपैकी खरे कोणते, असं विचारू नका. माणसाने निवडलेल्या पासवर्डला एकच एक खरा आकडा नसतो. चोर शक्यतेच्या क्रमाने जातो, म्हणून हातात आलेला सगळ्यात लहान आकडा धरायचा. फाशाने काढलेल्या पासवर्डला मात्र हा घोळ नाही. पद्धत जगजाहीर केली तरी त्याचा आकडा हलत नाही.

### म्हणीचा पासवर्ड

"मोठं वाक्य ठेवा" हा सल्ला मिळाला की बरेच जण म्हण ठेवतात. `nachtayeinaanganvakade` बघा. २२ लहान अक्षरं, एका अक्षराचे ४.७ बिट, सूत्राने १०३ बिट. समोरचा खूश.

आता पद्धत: एक मराठी म्हण, रोमनमध्ये. पाच हजार म्हणींची यादी धरू. स्पेलिंगमुळे पर्याय वाढतात हे मान्य, कारण आपल्याकडे `nachta`, `nachata`, `naachta` सगळं चालतं. `yeina` आणि `yeena`, `angan` आणि `aangan`, `vakde`, `vakade`, `wakde` हेही आहेच. एका म्हणीची अशी हजार रूपं धरू. शब्दांमध्ये जागा सोडली की नाही, पहिलं अक्षर मोठं की लहान, याचे आणखी चार प्रकार. एकूण दोन कोटी, २४ बिट. कॉस्ट १२च्या बीक्रिप्टवरही एका कार्डाला सगळी यादी संपवायला चार तास पुरतात. आपल्या स्पेलिंगच्या गोंधळाने दिले ते दहा बिट. कमी नाहीत, पण म्हणीची लाज राखायला पुरेसे नाहीत.

देवनागरीत टाइप केला तर? एक अडचण आहे. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतो, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइट खातं. म्हणजे २४ चिन्हांत कोटा संपला. काही लायब्ररी त्यापुढचं नाकारतात, काही मुकाट कापून टाकतात. कापलेल्या शब्दांचे बिट मोजायचे नाहीत.

तपासा: जिथे मशिनने किंवा फाशाने निवड केली त्याच जागांना तुम्ही सूत्र लावलं का? तुमच्या डोक्यातून आलेली एकही जागा असेल तर तिचे पर्याय यादीने मोजा.

## पायरी ४: भागाकार करा, पण "सरासरी" शब्द जपून वापरा

अंदाजांना वेगाने भागलं की पूर्ण यादी संपवायचा वेळ मिळतो. एका कार्डावर, कॉस्ट १२चा बीक्रिप्ट:

- दोन हजार कोटींची यादी: सुमारे १६१ दिवस
- ८६ कोटींची: सात दिवस
- वीस लाखांची: तेवीस मिनिटं

एमडी५ असता तर पहिली, सगळ्यात मोठी यादीसुद्धा एका सेकंदाच्या आठव्या भागात संपली असती. वेळ हा शब्दच तिथे लागू पडत नाही.

यातला पूर्ण वेळ सांगायचा की निम्मा? फाशाने काढलेला पासवर्ड यादीत कुठेही असू शकतो, त्यामुळे सरासरीने निम्मी यादी झाली की तो सापडतो. ८६ कोटींच्या यादीचा असा हिशेब हवा असेल तर चार ओळी पुरतात:

```
from math import log2
guesses = 100_000 * 2 * 10 * 430
speed = 184_000 / 2**(12 - 5)
print(log2(guesses), guesses / 2 / speed / 86400)
```

उत्तर येतं २९.७ बिट आणि साडेतीन दिवस. पण या साडेतीन दिवसांचा अर्थ "तोपर्यंत निर्धास्त" असा काढू नका. तोपर्यंत तो फुटलेला असण्याची शक्यता निम्मी आहे, एवढाच त्याचा अर्थ. शक्यता वेळेच्या सरळ प्रमाणात वाढते: १६१ दिवसांच्या यादीत सोळाव्या दिवशी ती दहा टक्के झालेली असते. साहेबांना अहवाल द्यायचा असेल तर "सरासरी इतके दिवस" लिहिण्याऐवजी "इतक्या दिवसांत फुटण्याची शक्यता इतकी टक्के" असं लिहा. प्रश्न कमी येतात.

तपासा: बिट वापरून भागत असाल तर दोनचा घात आधी काढला का? बिटांनाच वेगाने भागलेले कागद मी पाहिले आहेत. आणि एक झटपट पडताळा: वर्षात सुमारे ३.१६ कोटी सेकंद असतात, जवळजवळ दोनचा पंचविसावा घात. वेगाचे बिट आणि २५ यांची बेरीज म्हणजे एका वर्षात संपणारे बिट. १,४४० चे साडेदहा बिट, म्हणून हे एक कार्ड वर्षाला साडेपस्तीस बिट संपवतं.

## पायरी ५: कार्डं किती आणि खाती किती

कार्डांचा हिशेब सरळ आहे. आठ कार्डं म्हणजे आठपट वेग, सेकंदाला ११,५००. बिटांत बघाल तर आठपट म्हणजे फक्त तीन बिट, त्यामुळे "त्यांच्याकडे किती मशिन असतील कोण जाणे" याची फार धास्ती घ्यायला नको. शंभर कार्डं धरली तरी सात बिटांच्या आतच खेळ आहे. तिसऱ्या पायरीत चुकणारा माणूस साठ-साठ बिट चुकतो.

खात्यांची संख्या मात्र लोक विसरतात. सॉल्ट नसेल तर चोर एक अंदाज एकदाच हॅश करतो आणि फाइलमधल्या सगळ्या खात्यांशी ताडून बघतो. वीस हजार खाती असली तरी वेळ एका खात्याचाच. सॉल्ट असेल तर प्रत्येक खात्यासाठी वेगळा हॅश करावा लागतो. पण म्हणून सगळे सुटत नाहीत. दोन हजार खात्यांचं ऑफिस घ्या, सॉल्ट असलेला कॉस्ट १२चा बीक्रिप्ट, आठ कार्डं. पहिल्या फेरीचे वीस लाख अंदाज प्रत्येक खात्यावर करून बघायचे झाले तर एकूण चारशे कोटी हॅश, आणि वेळ चार दिवस. चार दिवसांत गड आणि साल ठेवणारे सगळे हाती लागतात, आणि चोराला आत शिरायला एकच पुरतो.

म्हणून हिशेबाच्या डोक्यावर लिहून ठेवा: हा वेळ या पासवर्डचा की ऑफिसमधल्या कोणत्याही पासवर्डचा?

## पायरी ६: हिशेब उलटा करा

"किती वेळ टिकेल?" यापेक्षा "अमुक वेळ टिकायला किती बिट हवेत?" हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. अट अशी ठेवू: शंभर कार्डं, एक वर्ष, आणि फुटण्याची शक्यता शंभरात एकपेक्षा कमी.

कॉस्ट १२च्या बीक्रिप्टवर शंभर कार्डं वर्षभरात सुमारे साडेचार लाख कोटी अंदाज करतात, म्हणजे ४२ बिट. शक्यता शंभरात एकवर आणायची तर यादी शंभरपट मोठी हवी. त्याचे ६.६ बिट, मिळून ४८.७. हाच हिशेब एमडी५साठी केला की ७५.५ येतात.

पासवर्ड फाशाने काढायचा झाला तर ७,७७६ शब्दांच्या यादीतून शब्द निवडतात. पाच फासे टाकले की एक शब्द, सहाचा पाचवा घात ७,७७६, आणि एका शब्दाचे १२.९ बिट. यादी मराठी शब्दांची केली तरी चालते, फक्त प्रत्येक शब्दाचं रोमन स्पेलिंग एकच ठरवून घ्या, नाहीतर आपलाच पासवर्ड आपल्याला लागत नाही. आणि पडलेला शब्द आवडला नाही म्हणून फासे पुन्हा टाकू नका. असं केलंत की निवड पुन्हा डोक्यातून होऊ लागते, आणि तिसऱ्या पायरीत मोजलेले बिट खरे राहत नाहीत.

तीन शब्दांचे ३८.८ बिट होतात, ते वरच्या अटीला बीक्रिप्टवरही कमी पडतात. चार शब्दांचे ५१.७, ते पुरतात. एमडी५वर पाच शब्दसुद्धा, म्हणजे ६४.६ बिट, पुरत नाहीत. तिथे सहा लागतात. तुमचा पासवर्ड पलीकडचा माणूस कोणत्या हॅशमध्ये ठेवतो हे सहसा तुम्हाला कळत नाही. त्यामुळे स्वतःच्या सर्व्हरवर, जिथे कॉस्ट मी ठरवला आहे, तिथे मी चार शब्द ठेवतो, आणि बाकी सगळीकडे सहा.